पासवर्ड बदलला, फॉरवर्डर तसाच

उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपचे 11 लाख 40 हजार रुपये भलत्याच खात्यात गेले, तेव्हा मला बोलावणं आलं. पैसे तसे त्यांचे नव्हते. पुण्याच्या गिऱ्हाइकानं बिलापोटी भरलेले होते. फक्त ते ज्या खात्यात भरले गेले, ते खातं मशीनशॉपचं नव्हतं. नऊ दिवसांनी मशीनशॉपच्या लोकांनी पेमेंटची आठवण करायला फोन लावला आणि तिकडून उत्तर आलं, "अहो, तुमच्याच मेलवरून नवीन खातं कळवलंय की. शिनोळी युनिटचं."

बेळगावच्या बाहेरच्या वाचकाला हे 'शिनोळी युनिट' थोडं समजावून सांगावं लागेल. उद्यमबाग बेळगाव शहरात, म्हणजे कर्नाटकात. शिनोळीची औद्योगिक वसाहत चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. रस्त्यानं अंतर फार नाही, पण राज्य बदलतं आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवातही 29 ची 27 होते. एकाच मालकाचं एक शेड इकडे आणि एक तिकडे असणं आमच्याकडे नवलाचं नाही. त्यामुळे "यापुढे या बिलांचं पेमेंट शिनोळी युनिटच्या खात्यात करावं" असं पत्र आलं, त्यात दोन्ही जीएसटी क्रमांक बरोबर होते, पर्चेस ऑर्डरचा नंबर बरोबर होता, इनव्हॉइसवरची रक्कम रुपयापर्यंत जुळत होती, तर पुण्यातल्या माणसाला शंका यायची कशी? मेलच्या पत्त्यात डोमेनमध्ये एक अक्षर जास्त होतं. ते नंतर दाखवल्यावर दिसलं.

हे सगळं त्या ठगाला कळलं कुठून, हा माझा प्रश्न होता. मालकांनी तोवर `accounts@` चा पासवर्ड तीनदा बदलला होता. अकौंट्सचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारून झाला होता. वेबमेलमध्ये जाऊन मी फिल्टर पाहिले, एकही नव्हता. मग एकाला एप्रिलमधली गोष्ट आठवली. कोइमतूरच्या एका सप्लायरनं फोन करून सांगितलं होतं की तुम्हाला मेल टाकला की परत येतोय, आणि परत येताना कुठल्यातरी जीमेलचा पत्ता दाखवतोय. त्यात ही ओळ होती:

```
The recipient's inbox is out of storage space
```

"आमचं जीमेल नाहीच की हो," असं आमच्या माणसानं तेव्हा सांगितलं. आठवड्याभरात मेल परत येणं थांबलं आणि विषयही संपला.

खरं तर सगळं उत्तर त्या एका ओळीत होतं. तुम्ही ज्या पत्त्यावर मेल पाठवलाच नाही, तो पत्ता 'जागा नाही' म्हणून मेल परत करतो, याचा अर्थ मधे कुणीतरी तुमच्या मेलची प्रत तिकडे वळवतंय. मी होस्टिंगचं सीपॅनेल, म्हणजे जिथून सगळ्या कंपनीच्या मेलचा कारभार चालतो ते पान, उघडलं, बाहेरच्या पत्त्यावरून `accounts@` ला एक साधा मेल टाकला आणि `Track Delivery` मध्ये पाहिलं. एका मेलच्या दोन ओळी होत्या. एक आमच्या मेलबॉक्समध्ये पोचल्याची, दुसरी एका जीमेल पत्त्यावर पोचल्याची. तिथून `Forwarders` च्या पानावर गेलो. पानावर एकच नोंद होती. `accounts@` कडे येणारं सगळं त्या जीमेलकडे.

जीमेल कुणाचं? जुन्या अकौंटंटचं. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा हा गृहस्थ खानापूरजवळच्या आपल्या गावी अडकला. गावात नेट रडतखडत चालायचं, वेबमेल उघडायचं नाही. होस्टिंगवाल्या पोरानं फोनवर सांगितलं, "तुमच्या जीमेलला लावून देतो, मोबाईलवर येईल." दोन मिनिटांचं काम होतं, मालकांनीच हो म्हटलं होतं. त्या काळात त्याच जोरावर पगार वेळेत झाले, हेही खरं. 2022 मध्ये तो मच्छेच्या एका दुसऱ्याच कंपनीत लागला. पेढे वाटून, सगळ्यांच्या पाया पडून गेला. त्याच्या जागी आलेल्या मुलीला `accounts@` मिळालं आणि पासवर्ड बदलण्यात आला. सगळ्यांची समजूत अशी की जुन्या माणसाचा मेल बंद झाला.

पण फॉरवर्डर पासवर्ड विचारत नाही. तो मेलबॉक्समध्ये शिरून मेल उचलत नाही. मेल सर्व्हरवर आला की मेलबॉक्सच्या दाराशी पोचायच्या आधीच त्याची एक प्रत दुसऱ्या वाटेला लावली जाते. पाटाचं पाणी वरच्या बाजूलाच फोडून घेतल्यासारखं. खाली शेताचं फाटक कितीही वेळा बदललं, तरी वर फुटलेलं पाणी चालूच राहतं.

इथे बारकाईनं पाहणारा विचारेल की फॉरवर्डर तर फक्त येणाऱ्या मेलची प्रत पाठवतो, मग बाहेर जाणारी इनव्हॉइस ठगाला कशी मिळाली? तोच प्रश्न मलाही पडला होता. तर डिस्पॅचचा माणूस गाडी सुटली की गिऱ्हाइकाला आपल्या `dispatch@` वरून इनव्हॉइस पाठवायचा आणि अकौंट्सला सीसी ठेवायचा. अकौंट्सच्या दृष्टीनं तो 'आलेला' मेल. शिवाय गिऱ्हाइकाचं उत्तर येतं, तेव्हा त्याच्या खाली आपण लिहिलेलं सगळं लटकलेलं असतं. म्हणजे एकट्या `accounts@` चा पाट फुटला आणि त्यातून अख्ख्या कंपनीचा व्यवहार वाहत राहिला. आपण कुणालाही विचारलं की तुझ्या मेलमध्ये असं काय आहे चोरण्यासारखं, तर तो प्रामाणिकपणे 'काही नाही' म्हणेल. कारण तो स्वतः लिहिलेल्या मेलचा विचार करत असतो. इतरांनी त्याला सीसी ठेवलेल्यांचा विचार तो करत नाही.

जुना अकौंटंट बोलावल्याबरोबर आला. त्यानं आपला फोन टेबलावर ठेवला, "तुम्हीच बघा सर" म्हणाला. जीमेलमध्ये त्यानं 2020 मध्येच एक फिल्टर लावून ठेवला होता. ऑफिसचे मेल इनबॉक्समध्ये गर्दी करू नयेत म्हणून थेट एका लेबलमध्ये जातील असा. नोकरी सोडल्यापासून त्यानं ते लेबल उघडलंच नव्हतं. जागा भरली तेव्हा त्यानं मुलीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ पुसले, कारण जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून त्याला फुकटचे 15 जीबीच आहेत. त्याच्या गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर मात्र एक लॉगिन दिसत होतं, त्याच्या मालकीच्या नसलेल्या यंत्रावरचं. पासवर्ड त्यानं एका खरेदीच्या साइटला वापरला होता तोच इथे. दुहेरी पडताळणी लावलेली नव्हती. ठग कुणी मोठा हॅकर असायची गरजच नव्हती. त्याच्या हाती कुणाचातरी घरगुती मेल लागला आणि आत एका कारखान्याची हिशेबाची वही रोजच्या रोज भरत चाललेली त्याला दिसली.

मालकांच्या तोंडी पहिला शब्द आला तो 'चोर'. त्यांचा संताप समजण्यासारखा होता, पण मी तिथेच त्यांच्याशी भांडलो, आणि हा लेखही त्या भांडणाचाच पुढचा भाग आहे.

माझं म्हणणं असं. एखादा मेल समजून उमजून घरच्या पत्त्यावर पाठवणं आणि सगळे मेल आपोआप तिकडे जातील असा नियम लावणं, या दोन गोष्टींना आपण एकच नाव देतो, 'फॉरवर्ड'. पण पहिल्यात माणूस प्रत्येक वेळी ठरवतो. हे पत्र पाठवू की नको, यात काय आहे, जोडलेली फाईल काढून पाठवू का. चूक झाली तर ती एका पत्राची. दुसऱ्यात माणूस एकदाच ठरवतो, आणि तेही अजून लिहिल्याच न गेलेल्या पत्रांबद्दल. 2020 च्या मार्चमध्ये आमच्या अकौंटंटनं 'हो' म्हटलं, ते 2024 च्या इनव्हॉइसबद्दल नव्हतं. ते त्याला माहीतही असणं शक्य नव्हतं. ज्यांनी ती पत्रं लिहिली त्यांनाही नव्हतं. पुण्याचा पर्चेस मॅनेजर एका कंपनीला लिहीत होता आणि वाचत होतं एक बंद पडलेलं लेबल. गळती झाली, पण ती करणारा असा कुणी नव्हता. म्हणूनच ती चार वर्षं टिकली. चोरी असती तर चोराला निदान काळजी तरी असती.

आता 'पॉलिसी' या शब्दाकडे येऊ. मालक म्हणाले, "आमच्याकडे असली काही पॉलिसी-बिलिसी नाही. मोडायला आहेच काय?" उद्यमबाग, मच्छे, नावगे इथल्या बहुतेक चाळीस-पन्नास माणसांच्या युनिटमध्ये हेच उत्तर मिळेल. पण मी त्यांना त्यांच्याच कपाटातली फाईल काढायला लावली. मोठ्या कंपनीचं काम घेताना त्यांनी गोपनीयतेचा करार सही केला होता, प्रत्येक पानावर शिक्का मारून. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग तिसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देणार नाही, आपल्या ताब्याबाहेरच्या ठिकाणी ठेवणार नाही, काम संपल्यावर परत करू किंवा नष्ट करू. आमच्या भागात पंपाच्या बॉडीपासून विमानाच्या सुट्या भागांपर्यंत सगळं बनतं, आणि जितकं गिऱ्हाईक मोठं तितका हा करार जाड. ड्रॉइंगचं पीडीएफ मेलनं येतं. बदललेलं ड्रॉइंग आलं की अकौंट्सलाही जातं, कारण दर बदलतो. म्हणजे ज्या दिवशी फॉरवर्डर लागला, त्याच दिवशी तो करार मोडला. ठगाची वाट बघायची गरज नव्हती. स्वतःची पॉलिसी नसली तरी दुसऱ्याची पॉलिसी आपण सहीनिशी गळ्यात बांधून घेतलेली असते, आणि गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला तर तो तीच काढून दाखवतो.

'नष्ट करू' हे कलम तर वाचण्यासारखं आहे. आपल्या सर्व्हरवरचा मेल मालक पुसू शकतात. माजी कामगाराच्या खासगी जीमेलमधली प्रत ते पुसू शकत नाहीत, पाहू शकत नाहीत, मोजूही शकत नाहीत. तो भला माणूस निघाला म्हणून फोन टेबलावर ठेवला. नसता ठेवला तर?

कामगारांच्या बाजूनंही हेच. त्या लेबलमध्ये पगारपत्रकं होती, पीएफसाठी घेतलेल्या आधारच्या प्रती होत्या, एका ऑपरेटरच्या बायकोच्या ऑपरेशनचे ईएसआयचे कागद होते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आहेत, आणि मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांच्या मुदतीनं लागू होतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. एवढा दंड आमच्या मशीनशॉपला कुणी करणार नाही, तो आकडा बड्यांसाठी. पण माहिती फुटली तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती फुटली त्याला कळवायचं, हे लहानालाही लागू होतं. त्या ऑपरेटरला जाऊन सांगायचं की तुझ्या बायकोचे कागद चार वर्षं कुठे जात होते. ते सांगणं मला दंडापेक्षा अवघड वाटतं. सरकारी नोकरांपुरतं सांगायचं तर केंद्र सरकारच्या 2014 च्या ई-मेल धोरणातच सरकारी मेल खासगी पत्त्यावर वळवायला स्पष्ट मनाई केलेली होती.

इथवर वाचून एखादा मालक म्हणेल, झालं तर, उद्याच नोटीस लावतो: 'ऑफिसचे मेल घरी वळवणाऱ्यावर कारवाई होईल.' मला ही नोटीस मंजूर नाही. कारण लोक मेल घरी का वळवतात, हे ती विचारत नाही.

आमच्या भागात त्याचं एक कारण असं आहे की ते पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्याच्या ध्यानातही येणार नाही. ते म्हणजे भाषा. हेस्कॉमची म्हणजे वीज कंपनीची नोटीस, कामगार खात्याचं पत्र, महानगरपालिकेचा करविषयक मेल कन्नडमध्ये येतो. ज्या बाई अकौंट्स सांभाळतात, त्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. कन्नड बोलतात झकास, बाजारात भाव करतात, पण सरकारी कन्नड वाचताना दम लागतो. ऑफिसात विचारायचं तर कमीपणा वाटतो. एका बाईंनी मला खालच्या आवाजात सांगितलं, "सर, घरी पोरगं कन्नड वाचतंय. संध्याकाळी त्याच्याकडून वाचून घेतेय." कुठलं पत्र कधी येईल सांगता येत नाही, म्हणून त्यांनी सगळेच मेल घरच्या पत्त्याला लावले होते. त्या बाईंना नोटीस दाखवून काय होणार? त्या घाबरून फॉरवर्ड काढतील आणि हेस्कॉमच्या पत्राचं उत्तर मुदतीत जाणार नाही. त्यांना हवा आहे तो ऑफिसातच कन्नड वाचून सांगणारा एक माणूस, आठवड्यातून दोन तास, आणि त्याबद्दल कुणी हसणार नाही याची खात्री. सीमाभागातल्या भाषेच्या प्रश्नावर आपण इतकी वर्षं रस्त्यावर बोलतो. तो प्रश्न मेलच्या सेटिंगमध्येही जाऊन बसलाय, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरं कारण निव्वळ कंजुषीचं. डोमेनसोबत फुकट मिळालेली मेलपेटी, माणशी एक जीबी. ती दोन महिन्यांत भरते. मोबाईलवर ती कशी लावायची कुणी दाखवलेलं नसतं. शॉपफ्लोअरवर उभं राहून गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं तर खिशातलं जीमेलच जवळचं वाटणार. माणसाला ऑफिसचा मेल ऑफिसच्याच खात्यातून फोनवर नीट दिसला, तर तो वळवायचं कारणच उरत नाही. आधी हे करा, मग नोटीस लावा.

तिसरं कारण मालकांना आवडत नाही, पण सांगायला हवं. लोक स्वतःच्या बचावासाठी प्रती ठेवतात. "साहेबांनीच सांगितलं होतं" हे उद्या सिद्ध करायची वेळ आली तर? नेमणुकीचं पत्र, पगारवाढीचा मेल, रजा मंजुरी, वरिष्ठाचं अपमानास्पद पत्र. हे कागद कामगाराचे आहेत आणि ते त्याच्या हाती असावेत, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्यासाठी सगळा पाट घरी न्यायची गरज नाही. जे पत्र तुमच्याबद्दल आहे, ते एकेक करून जतन करा, आणि कंपनीनंही ते द्यायला खळखळ करू नये. ज्या कचेरीत पगाराची स्लिप मागितली तर तोंड वाकडं होतं, तिथले लोक गुपचूप सगळंच वळवणार.

तरीही आपोआप वळवणं बंद झालंच पाहिजे असं मी म्हणतो, आणि ते यंत्रणेतच बंद व्हावं, माणसाच्या सदसद्विवेकावर सोडू नये. कारण हा नियम विसरला जातो, हीच त्याची मुख्य खोड आहे. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये बाहेरच्या पत्त्यावर आपोआप वळवणं आता मुळातच बंद असतं, कुणी नियम लावला तरी मेल पुढे जात नाही, `5.7.520` हा कोड असलेला नकार परत येतो. गुगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिनला ती सोय सगळ्यांसाठी एका खुणेनं बंद करता येते, फक्त ती खूण त्यानं काढायला हवी. आमच्याकडची अडचण सीपॅनेलची, कारण बहुतेक लहान युनिटं तिथेच आहेत. तिथे मेल वळवायच्या जागा एकापेक्षा जास्त आहेत: `Forwarders`, `Email Filters` आणि सगळ्या डोमेनला लागू होणारे `Global Email Filters`. त्यातलं वेबमेलमध्ये बसलेल्या माणसाला सगळं दिसत नाही. मला सुरुवातीला दिसलं नाही ते याचमुळे. होस्टिंगचा पासवर्ड बहुतेक वेळा ज्या पोरानं वेबसाइट केली त्याच्याकडे असतो आणि तो पोरगा आता बंगळुरात असतो. तेव्हा पहिलं काम म्हणजे तो पासवर्ड मिळवून ही तीन पानं उघडून बघणं. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी पुन्हा बघणं, पासवर्ड बदलण्याच्या आधी.

ठगही हीच खोड ओळखून आहेत. अमेरिकेच्या एफबीआयनं नोव्हेंबर 2020 मध्ये उद्योगांना सावध केलं होतं की मेलमध्ये घुसलेले भामटे स्वतःच फॉरवर्डचा नियम लावून ठेवतात, आणि वेबमेलवर लावलेला नियम ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामात दिसत नसल्यानं तो कुणाच्या नजरेत येत नाही. आपण पासवर्ड बदलला तरी त्यांना प्रत येत राहते. म्हणजे आपला लॉकडाऊनमधला प्रेमळ जुगाड आणि भामट्याचं हत्यार, दोन्हींची सेटिंग अक्षरशः एकच. ज्या ऑफिसात असे चार-पाच जुने फॉरवर्डर 'असतातच' म्हणून चालवून घेतले जातात, तिथे सहावा कुणाचा आहे हे विचारायचं कुणाला सुचणार?

बंद करण्याची मर्यादाही सांगून टाकतो. ज्याला न्यायचंच आहे तो स्क्रीनचा फोटो काढून नेईल. शिवाय एखाद्या बाहेरच्या मेलसेवेनं आपल्या पेटीतून मेल ओढून घ्यायची सोय लावलेली असेल, तर ती `Forwarders` मध्ये दिसणार नाही, ती फक्त पासवर्ड बदलल्यावर तुटते. म्हणून दोन्ही करायचं. दुष्ट माणूस यानं अडत नाही. विसराळू माणूस अडतो, आणि माझ्या अनुभवात नुकसान करणाऱ्यांत विसराळूच जास्त.

एक अवांतर, पण मालकांचा कान यानंच टवकारला. फॉरवर्डर चांगल्या मेलबरोबर स्पॅमही वळवतो. रोज शंभर फालतू मेल आमच्या सर्व्हरवरून जीमेलकडे जातात, आणि जीमेलला वाटतं की हा सर्व्हरच स्पॅम पाठवतोय. मग त्याच सर्व्हरवरून गेलेलं तुमचं खरंखुरं कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. "म्हणजे मागच्या वर्षी राजकोटची ऑर्डर..." असं म्हणून ते थांबले. ती ऑर्डर यामुळेच गेली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण माहिती फुटण्याबद्दल मी तासभर बोललो तेव्हा ते चहा मागवत होते आणि हे ऐकल्यावर त्यांनी वही काढली.

पैशाचं काय झालं? 1930 ला फोन केला, शहरातल्या सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, पण नऊ दिवस फार होतात. खात्यात उरलेली थोडी रक्कम गोठवली गेली, बाकीची पुढे निघून गेली होती. पुण्याच्या कंपनीचं म्हणणं, तुमच्या मेलमधून फुटलं, तुम्ही सोसा. आमच्या मालकांचं म्हणणं, खातं बदललं तर एक फोन करायचा होता, नंबर तुमच्याकडे दहा वर्षं आहे. दोघंही बरोबर. शेवटी निम्मं-निम्मं ठरलं. आता त्या दोन कंपन्यांत खातं बदलायचं असेल तर मेलनं कळवलं जात नाही, जुन्या नंबरवर फोन होतो.

जुन्या अकौंटंटला परत एकदा बोलावलं, ते लेबल रिकामं करायला. पोलिसांसाठी आधी त्याची संपूर्ण प्रत काढून ठेवली, नाहीतर पुराव्याचा पुरावाच पुसला गेला असता. तो घाईघाईनं डिलीट मारायला निघाला होता, त्याला थांबवावं लागलं. मग तो मालकांच्या समोर बसून एकेक पान निवडत पुसत गेला. चार वर्षांचे मेल होते, पाऊण तास लागला. मधेच त्याचं बोट थांबलं.

"साहेब, यात माझ्या पगारवाढीचं पत्र आहे. 2021 चं. ते तेवढं ठेवू?"

मालकांनी चष्मा वर केला. "दाखव बघू." वाचलं. "किती कमी दिलीय मी तुला," म्हणाले. "ठेव की."

मग कचऱ्याची पेटीही रिकामी केली, कारण जीमेल तिथं आणखी 30 दिवस सगळं धरून ठेवतं.